घ्यावाच लागेल असा बळी

बुद्धिबळात तुमच्या उंटासमोर प्याद्याचा फुकटचा घास ठेवला, तर तो घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवता. संशय आला तर सरळ दुर्लक्ष करता. ड्राफ्ट्समध्ये, म्हणजे ज्याला आपल्याकडे बरेच जण चेकर्स म्हणतात त्या खेळात, ही सोय नाही. समोरची सोंगटी मारता येत असेल तर ती मारावीच लागते. विष घातलंय हे डोळ्यांना दिसत असलं तरी घास गिळावा लागतो.

नवशिक्याला हा नियम जाचक वाटतो. मोबाईलवर खेळताना तर हमखास वाटतो, कारण हवी ती सोंगटी हलतच नाही आणि कोपऱ्यातली भलतीच सोंगटी चमकत राहते. पण मुरलेला खेळाडू याच नियमावर जगतो. त्याचा हिशेब साधा असतो. समोरच्याला मारणं भाग आहे, म्हणजे समोरच्याची पुढची चाल मी ठरवू शकतो. मी माझी एक सोंगटी अमुक घरात सरकवली, की त्याची तमुक सोंगटी उडी मारून अमक्या घरात येणारच. एका बळीच्या मोबदल्यात मला त्याची सोंगटी हव्या त्या घरात बसवून मिळते. असे दोन-तीन बळी योग्य क्रमाने दिले, की त्याच्या सोंगट्या माझ्यासाठी ओळीने मांडल्या जातात आणि माझी एक सोंगटी त्यांच्यावरून उड्या मारत निघून जाते.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघायला पट समोर हवा. बुद्धिबळाचा पट चालेल. प्रत्येक खेळाडूच्या डाव्या हाताला, जवळच्या कोपऱ्यात, गडद घर आलं पाहिजे. खेळ फक्त गडद घरांवर चालतो. ती घरं बत्तीस. त्यांना वरून खाली, डावीकडून उजवीकडे क्रमांक दिलेले असतात. काळा खेळाडू वरच्या बाजूला बसतो, पांढरा खालच्या.

```
·   १   ·   २   ·   ३   ·   ४
५   ·   ६   ·   ७   ·   ८   ·
·   ९   ·   १०  ·   ११  ·   १२
१३  ·   १४  ·   १५  ·   १६  ·
·   १७  ·   १८  ·   १९  ·   २०
२१  ·   २२  ·   २३  ·   २४  ·
·   २५  ·   २६  ·   २७  ·   २८
२९  ·   ३०  ·   ३१  ·   ३२  ·
```

सुरुवातीला काळ्याच्या बारा सोंगट्या १ ते १२ वर आणि पांढऱ्याच्या बारा २१ ते ३२ वर. पहिली चाल काळ्याची. साधी सोंगटी एक घर तिरकी पुढे जाते. तिरक्या शेजारच्या घरात विरुद्ध सोंगटी असेल आणि तिच्या लगेच पलीकडचं घर रिकामं असेल, तर तिच्यावरून उडी मारायची आणि ती उचलायची. उतरल्यावर तिथूनही उडी शक्य असेल तर त्याच चालीत तीही मारायची, मधेच थांबता येत नाही. साधी सोंगटी मागे उडी मारत नाही. शेवटच्या ओळीत पोचली की ती राजा होते आणि मग मागेही चालते. मात्र उडी मारत राजा झाली, तर त्या चालीपुरती तिथेच थांबते.

इंग्लंड-अमेरिकेत रुळलेल्या या आठ घरांच्या खेळात आणखी एक नियम आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मारण्याचे एकाहून जास्त मार्ग असतील, तर कोणता घ्यायचा हे खेळणारा ठरवतो. एक सोंगटी मिळणारा मार्ग घ्या किंवा दोन मिळणारा घ्या, सक्ती फक्त मारण्याची आहे. पूर्वी ही सक्ती वेगळ्या तऱ्हेने वसूल केली जाई. मारायचं विसरलात, तर समोरचा तुमची ती आळशी सोंगटीच दंड म्हणून पटावरून उचलायचा. स्पर्धांमधून ही पद्धत कधीच गेली. आता चूक दाखवून देतात आणि उडी मारायला लावतात. मला हे बरं वाटतं. दंड भरून का होईना, पण सापळ्यातून निसटायची पळवाट त्या जुन्या पद्धतीत होती.

आता सगळ्यात छोटा मारा पाहू, एक देऊन दोन घेण्याचा. पटावर फक्त आठ सोंगट्या ठेवा. काळ्याच्या ४, ८, १० आणि ११ वर, पांढऱ्याच्या १८, १९, ३० आणि ३२ वर. चाल काळ्याची आहे.

काळा ११ वरची सोंगटी १५ वर सरकवतो, थेट दोन पांढऱ्या सोंगट्यांच्या तोंडात. १९ वरच्या पांढऱ्या सोंगटीला १५ वरून उडी मारायची तर १० वर उतरावं लागेल, आणि १० वर काळ्याची सोंगटी बसलेली आहे. तो रस्ता बंद. १८ वरच्या सोंगटीला मात्र ११ हे घर आत्ताच रिकामं झालंय. तिला उडी मारावीच लागते, म्हणून १८×११. आता काळ्याची ८ वरची सोंगटी उठते. ११ वरून उडी मारून १५ वर, तिथून १९ वरून उडी मारून २४ वर. पांढऱ्याच्या दोन सोंगट्या गेल्या, काळ्याची एक. चार विरुद्ध चार होते, आता तीन विरुद्ध दोन झाले.

यात ज्या सोंगट्या हलल्याच नाहीत त्यांच्याकडे बघा. १० वरची सोंगटी नसती, तर पांढऱ्याला दोन पर्याय मिळाले असते आणि त्याने १९ वरूनच उडी मारून काळ्याचा बेत मोडला असता. ४ वरची सोंगटी नसती तर त्याहून वाईट. १८ वरची सोंगटी ११ वर उतरल्यावर तिथेच थांबली नसती. पुढे ८ वरून उडी मारून रिकाम्या ४ वर गेली असती, राजा झाली असती, आणि काळ्याने मारायला ठेवलेली सोंगटीच नाहीशी झाली असती. तेव्हा बळी देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासायच्या. त्याला मारण्याचा एकच रस्ता आहे ना? आणि मारून जिथे उतरेल तिथून त्याला आणखी उडी तर नाही ना? नवशिके बहुतेक वेळा दुसरा प्रश्न विचारायचा विसरतात. आपली पहिली उडी डोळ्यांसमोर इतकी ठसठशीत असते की समोरच्याची दुसरी उडी दिसतच नाही.

आता खरा डाव. ड्राफ्ट्सच्या पुस्तकांत ‘गूस वॉक’ नावाचा एक जुना सापळा आहे. सहा-सहा चालींतच तो उभा राहतो, आणि पांढऱ्याच्या सगळ्या चाली दिसायला अगदी सरळ असतात. म्हणून तो मांडून बघण्यासारखा आहे. सुरुवातीची मांडणी करा आणि पुढच्या चाली खेळा. आधी काळ्याची चाल, मग पांढऱ्याची.

११-१५, २२-१८. इथे काळ्याला मारणं भाग आहे, म्हणून १५×२२. पांढरा परत मारतो, २५×१८. एकास एक.
८-११, २९-२५.
४-८, २५-२२.
१२-१६, २४-२०.
१०-१५, २७-२४.

पांढऱ्याची शेवटची चाल, २७-२४, ही घातकी. तिच्यात वावगं काहीच दिसत नाही. समोर मोकळं झालेलं घर भरावं, फळी सांधावी, असा शहाणा विचार करूनच माणूस ती खेळतो. आत्ता पटावर काळ्याच्या सोंगट्या १, २, ३, ५, ६, ७, ८, ९, ११, १५, १६ वर आहेत. पांढऱ्याच्या १८, २०, २१, २२, २३, २४, २६, २८, ३०, ३१, ३२ वर. दोघांच्या अकरा-अकरा. ही मांडणी कागदावर उतरवून घ्या, पुढे पुन्हा लागणार आहे.

पटाईत खेळाडू इथे पुढच्या चालीचा विचार करत बसत नाही. तो शेवटची उडी आधी शोधतो आणि तिथून मागे येतो. त्याची नजर प्रथम भोकांकडे जाते, म्हणजे समोरच्याच्या फळीतल्या रिकाम्या घरांकडे. पांढऱ्याने २९ वरची सोंगटी २५ वर आणि तिथून २२ वर आणली, तेव्हा मागे २५ आणि २९ ही दोन्ही घरं उघडी पडली. २२ वर पांढरी सोंगटी आहे आणि तिच्या पलीकडे २५ रिकामं. म्हणजे १८ वर जर कधी काळी सोंगटी पोचली, तर तिथून २२ वरून २५ वर उडी आहे. पण १८ वर उतरायचं कसं? ११ वरची सोंगटी १५ वरून उडी मारून तिथे उतरू शकते. तिचा रस्ता असा: ११ वरून १८, तिथून २५.

या रस्त्यात आज दोनच अडचणी आहेत. १५ वर पांढरी सोंगटी हवी, तिथे काळ्याची स्वतःची बसली आहे. आणि १८ रिकामं हवं, तिथे पांढरी बसली आहे. आता काम ठरलं. पांढऱ्याची कोणतीतरी सोंगटी १५ वर आणायची आणि १८ वरची हाकलायची. दोन्ही हालचाली पांढऱ्याच्या सोंगट्यांच्या आहेत, आणि त्या काळा स्वतःच्या हाताने करू शकत नाही. बळी देऊन करवून घेऊ शकतो.

१८ वरच्या सोंगटीला हाकलणं सोपं आहे. काळ्याने ९-१४ खेळलं की तिला १४ वरून उडी मारून ९ वर जावंच लागेल. १५ वर पांढरी सोंगटी आणायची तर काळ्याने आपली १५ वरची सोंगटी १९ वर ढकलावी. मग २४ वरची पांढरी सोंगटी तिला मारून १५ वर उतरेल. २७-२४ का घातकी, ते इथे कळतं. २४ रिकामं असतं, तर १५ वर आणून बसवायला पांढरी सोंगटीच मिळाली नसती. पांढऱ्याने फळी सांधली असं त्याला वाटलं, प्रत्यक्षात त्याने काळ्याच्या कामाची सोंगटी नेमक्या घरात आणून दिली.

म्हणजे दोन बळी आणि मग दुहेरी उडी. पण काळा याआधी आणखी एक, तिसरा बळी देतो, आणि तोच सगळ्यात आधी. डाव असा चालतो.

पहिला बळी १६-१९. १९ वरच्या सोंगटीला २४ वरून मारायचं तर १५ वर उतरावं लागेल आणि तिथे अजून काळी सोंगटी आहे. म्हणून उरतो एकच रस्ता, २३×१६. ती १६ वर उतरते. तिथून ११ वरून उडी मारून ७ वर जाता येईल का? नाही, ७ भरलेलं आहे. ती थांबते.

दुसरा बळी १५-१९. आता १५ रिकामं झालं, म्हणून २४×१५. तिथून ११ वरून उडी मारून ८ वर? ८ भरलेलं आहे, कारण काळ्याने सुरुवातीलाच ४-८ खेळून ते घर भरून घेतलं होतं. तीही थांबते.

तिसरा बळी ९-१४. पांढऱ्याला १८×९ करावंच लागतं. ९ वर उतरल्यावर समोर ६ वर काळी सोंगटी आहे, पण तिच्या पलीकडचं २ हे घरही काळ्याने भरलेलं. पुढची उडी नाही.

आता पट मोकळा बोलतो. १५ वर पांढरी, १८ रिकामं, २२ वर पांढरी, २५ रिकामं. काळा ११ वरची सोंगटी उचलतो आणि १८ वरून २५ वर नेतो. दोन सोंगट्या एका दमात. ९ वर अडकलेली पांढरी सोंगटी अजून तशीच आहे. ५ किंवा ६ वरून ती पुढच्या चालीला मारता येते, पळून कुठे जाणार?

तीन दिल्या, दोन घेतल्या आणि तिसरी हातातच आहे. संख्येच्या दृष्टीने पुन्हा बरोबरी. मग मिळवलं काय? पांढऱ्याच्या पाठीत काळ्याची एक सोंगटी शिरली आहे, राजा होण्यापासून एका घरावर. ती २५ वर सुरक्षित कशी, हेही पाहण्यासारखं आहे. ३० वरची पांढरी सोंगटी तिच्या शेजारीच आहे, पण तिला उडी मारून २१ वर उतरावं लागेल, आणि तिथे पांढऱ्याची स्वतःचीच सोंगटी ठाण मांडून बसली आहे. पांढऱ्याने ती घाईने २१-१७ अशी हलवून वाट मोकळी करायची म्हटली, तर काळा ५ वरून ९ मारतो, १४ वर उतरतो, तिथून १७ वरून उडी मारून २१ वर जातो आणि वाट पुन्हा बंद करतो. वर एक सोंगटी जास्त. पुस्तकांत पांढऱ्याची इथली नेहमीची चाल ३२-२७ आहे, काळा ५×१४ ने आपली उधारी वसूल करतो आणि आठ विरुद्ध आठ अशा खेळात जिंकण्याच्या वाटेला लागतो. राजा होणारी ती सोंगटी पुढे अदलाबदलीत जातेही, पण तोवर पांढऱ्याची फळी विस्कटलेली असते.

आता तो तिसरा, वरवर जास्तीचा वाटणारा बळी. १६-१९ कशासाठी? तो न देता थेट १५-१९ आणि ९-१४ एवढंच केलं, तरी दुहेरी उडी मिळतेच की. मीही म्हणेन, करून बघा. मघाची मांडणी पुन्हा लावा. १५-१९, २४×१५. ९-१४, १८×९. आता ११ वरची सोंगटी १८ वरून २५ वर. छान, दोनच देऊन दोन मिळाल्या, असं वाटतं. पण ११ हे घर रिकामं करून ती निघाली आहे. २० वर पांढरी सोंगटी आहे, १६ वर काळी, आणि ११ आता उघडं. पांढरी २० वरून उडी मारून ११ वर उतरते, तिथून ८ वरून उडी मारून ४ वर. तिचा राजा झाला आणि काळ्याच्या दोन सोंगट्या गेल्या. काळ्याने ९ वरची मारली, तरी तो एका सोंगटीने मागे राहतो, वर पांढऱ्याचा राजा घरात बसलेला. म्हणजे १६ वरची ती सोंगटी आधीच देऊन टाकणं ही उधळपट्टी नव्हती. ती तिथे असती तर तिच्यावरून समोरच्याला पायरी मिळाली असती. सगळा मारा संपल्यावर आपली जी सोंगटी समोरच्याच्या उपयोगी पडणार आहे, तिला आधी पटावरून घालवणं, हा या खेळातला मोठा मासलेवाईक विचार आहे.

क्रम उलटा केला तरी फसतो. काळ्याने आधी ९-१४ खेळलं असतं, तर १८×९ नंतर ९ वरची ती सोंगटी काळ्याच्या समोर उभी राहिली असती, आणि मारण्याची सक्ती काळ्यालाही लागू आहे. त्याच्याकडे मारण्याजोगं दुसरं काहीच नसतं, त्यामुळे ५ किंवा ६ वरून ती मारावीच लागली असती. पुढच्या दोन बळींसाठी लागणारी चाल हातातून गेली आणि सगळा बेत एकास एक अदलाबदलीत संपला. खऱ्या क्रमात हाच बळी शेवटी येतो. तेव्हाही ५ आणि ६ वरच्या सोंगट्यांना ९ मारता येत असते, पण त्याच वेळी ११ वरच्या सोंगटीलाही उडी असते. एकाहून जास्त मार्ग असले की निवड आपली, हा नियम इथे काळ्याच्या मदतीला येतो. तो मोठी उडी आधी घेतो आणि ९ वरची शिल्लक ठेवतो.

साखळी आखताना मी म्हणून हाच तिसरा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारतो. माझ्या प्रत्येक बळीनंतर, त्याने मारल्यावर, मला स्वतःला काही मारणं भाग पडतंय का? पडत असेल, तर पुढची चाल माझ्या हातात नाही. बळी देताना आपण समोरच्याला बांधतो हे लक्षात राहतं. त्याच दोरीचं दुसरं टोक आपल्या पायात आहे हे विसरायला होतं.

आता पांढऱ्याच्या बाजूने बघू, कारण बचाव करणाऱ्याची गोची वेगळीच असते. १६-१९ पडल्यावर पांढऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. तिन्ही चाली त्याला नाइलाजाने खेळाव्या लागतात. त्यामुळे ‘बळी आला की सावध व्हा’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. सावध व्हायचं ते एक चाल आधी, सोंगटी हलवताना. तेव्हा बघायचं ते आपण कुठे जातोय एवढंच नाही, मागे कोणतं घर उघडं टाकतोय आणि नव्या घरातून आपली सोंगटी कुठे ओढली जाऊ शकते, हेही. तिरक्या रेषेत आपली सोंगटी, रिकामं घर, पुन्हा आपली सोंगटी, रिकामं घर अशी एकाआड एक रचना तयार होत असेल, तर ती समोरच्यासाठी आयती शिडी आहे. अशी रचना एखाद्या सोंगटीने अर्धवट अडलेली असेल, तर ती सोंगटी ओढून काढता येते का ते तपासायचं. मागची ओळ शक्यतो भरलेली ठेवायची, कारण तिथली सोंगटी शेवटची उडी रोखते. गूस वॉकमध्ये काळ्याची २ वरची सोंगटी सबंध डावभर जागची हलली नाही. ती नसती तर ९ वर आलेली पांढरी सोंगटी ६ वरून उडी मारून राजा झाली असती आणि सापळा रचणाऱ्यावरच उलटला असता.

मारण्याच्या सक्तीमुळे या खेळात पुढचं खूप लांबवर दिसू शकतं. एरवी एखाद्या चालीला सरासरी सात-आठ पर्याय असतात, पण मारायची पाळी असेल तेव्हा बहुधा एकच. दहा चाली पुढे बघायचं म्हटलं आणि त्यातल्या पाच सक्तीच्या असल्या, तर खरा विचार पाच ठिकाणीच करायचा असतो. मेरियन टिन्स्ली हा अमेरिकी गणिताचा प्राध्यापक अनेक दशकं या खेळात जवळपास अजिंक्य होता, त्याच्या नजरेची ख्याती याच खोलीसाठी होती. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफरच्या गटाने ‘चिनूक’ हा संगणक प्रोग्राम तयार केला. १९९२ साली टिन्स्लीने त्याला चार डाव जिंकून आणि दोन हरून नमवलं, बाकीचे तेहतीस डाव बरोबरीत सुटले. २००७ साली याच गटाने सिद्ध केलं, की दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर आठ घरांच्या ड्राफ्ट्सचा निकाल बरोबरी. निर्दोष खेळणारे आपल्या ओळखीचे कोणी नसल्यामुळे गूस वॉकचा धंदा अजून चालू आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. हे सगळं आठ घरांच्या इंग्लिश पद्धतीचं झालं. मोबाईलवर ‘चेकर्स’ म्हणून जे मिळतं त्यात नियम निवडायची सोय असते, आणि निवड बदलली की साखळ्यांचा हिशेब बदलतो. दहा घरांच्या, म्हणजे १०० घरांच्या पटावरच्या आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्समध्ये प्रत्येकाच्या वीस सोंगट्या असतात आणि साधी सोंगटीही मारताना मागे उडी मारते. तिथे सर्वांत जास्त सोंगट्या मिळतील तोच मार्ग घ्यावा लागतो. म्हणजे निवडीची मोकळीक नाही. ऐकायला हे बंधन वाटतं, पण सापळा रचणाऱ्याला ते वरदान आहे. समोरच्याला दोन रस्ते दिसत असतील, तर त्यातल्या एकावर आणखी एक बळी वाढवून ठेवायचा, की त्याला त्याच रस्त्याने जावं लागतं. आठ घरांच्या पटावर रस्ता अडवण्यासाठी १० वर सोंगटी बसवावी लागली होती, इथे आमिष वाढवूनही काम भागतं.

दुसरा फरक बारीक आहे, पण त्यातून त्या खेळातले सगळ्यात नेत्रदीपक मारे निघतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत मारलेल्या सोंगट्या उडी मारता मारता उचलत नाहीत. सगळी साखळी संपल्यावर एकदम उचलतात, आणि एकाच सोंगटीवरून दोनदा उडी मारता येत नाही. तिथला राजा लांबवर धावतो. त्यामुळे असं होतं, की राजा चार-पाच सोंगट्या मारत वळणं घेत जातो आणि शेवटी त्यानेच मारलेल्या, पण अजून पटावर उभ्या असलेल्या सोंगटीपाशी अडतो. तिच्यावरून पुन्हा उडी नाही, पुढे वाट नाही, आणि तो थांबला ते घर नेमकं समोरच्याने आधीच हेरून ठेवलेलं. साखळी संपते, मेलेल्या सोंगट्या उचलल्या जातात, आणि एक साधी सोंगटी राजासकट उरलेलं सगळं मारून जाते. याला तुर्की मारा म्हणतात. तो रचायचा तर आपल्या सोंगट्या समोरच्याच्या राजाला खायला घालाव्या लागतात, आणि त्या कोणत्या क्रमाने खाल्ल्या जातील याचा नकाशा आधी डोक्यात पक्का लागतो.